कानाशी जुळेल असा चेहरा

रमजानच्या नवव्या दिवशी इंशिराह वगदी स्वतःच्याच दिवाणखान्यातल्या गालिच्यात पाय अडकून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्या दोनदा जिन्यावरून पडल्या होत्या, एकदा गच्चीवरून आणि एकदा थेट नाईलमध्ये. तेव्हा त्यांना खरचटलंही नव्हतं, कारण तेव्हा त्यांच्या जागी पडायला त्यांची डबल, बदरिया होती. दिवाणखान्यात नेमकी ती नव्हती.

मालिका अर्ध्यावर होती. कैरोत रमजानची मालिका म्हणजे रोजचा ताजा पाव: सकाळी भाजायचा, संध्याकाळी लोक रोजा सोडून टीव्हीसमोर बसले की वाढायचा. साठ सालातल्या बुलाक मोहल्ल्यातली दौलत नावाची शिंपीण, ही इंशिराहबाईंची भूमिका. चोविसाव्या भागात दौलत आपल्या दुकानाची किल्ली जावयाच्या हवाली करते. त्या प्रसंगाचे अकरा शॉट राहिले होते. सेट तेराव्या दिवशी पाडायचा होता, कारण त्या जागेवर दुसऱ्या मालिकेतल्या लग्नाचा मांडव उभा राहणार होता. जावई झालेला नट चौदाव्या दिवशी उमऱ्याला मक्केला निघाला होता, आणि देवाच्या वाटेवर निघालेल्या माणसाला रीटेकसाठी थांबवायची हिंमत निर्माता मुनीर शलबीकडेही नव्हती.

म्हणून ठरलं असं, की बदरियाने दौलतचे कपडे घालायचे, दौलतचे डूल घालायचे, प्रसंग करायचा आणि तिच्या तोंडावर इंशिराहबाईंचा चेहरा संगणकाने बसवायचा. बाईंनी दवाखान्यातल्या खाटेवरून करारावर सही केली. बदरियाला कोणी काही विचारलं नाही. तिला सवय होती.

चेहरा बसवायचं काम आलं इनासकडे. कैरोच्या दुक्की भागात एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर तिचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन अंधाऱ्या खोल्या, चार पडदे आणि गिर्गिस. पंधरा वर्षं इनासने मुख्यत्वे एकच काम केलं होतं: जुना काळ दाखवणाऱ्या मालिकांमधल्या गच्च्यांवरून डिश अँटेना पुसणं. तिच्या हिशोबाने तिने निम्मं कैरो पुसलं होतं. माणसाचा चेहरा मात्र पहिल्यांदाच हाती आला होता, आणि तोही असा, की जो बघून तिच्या आईने तरुणपणी तसेच केस कापून घेतले होते.

सोळाव्या दिवशी मुनीर शलबी पहिली चाचणी बघायला आला. रोजा असल्यामुळे त्याच्या पोटात सिगारेट नव्हती, त्यामुळे तो सगळ्यांवर सारखाच रागावलेला होता.

"इंजिनीअरबाई," तो म्हणाला, "हा पहिला शॉट बघ. बाई गल्लीच्या टोकाला उभी आहे आणि तिच्या पापण्या मला इथून मोजता येतात. आणि हा दुसरा. बाई माझ्या नाकासमोर आहे, आणि चेहरा? उकडलेलं अंडं! एका शॉटात वस्तरा, दुसऱ्यात अंडं. हे कसं काय?"

"दोन्ही एकाच कारणाने," इनास म्हणाली.

"मला कारण नको, चेहरा हवाय."

"चेहऱ्याला कारण आहे, मुनीरभाई. ऐका तरी."

आणि तिने सांगितलं. यंत्र चेहरा घडवतं तो नेहमी एकाच मापाच्या चौकटीत. पाचशे बारा पिक्सेल रुंद, तेवढीच उंच. माणूस जवळ असो की लांब, यंत्राची चौकट तीच. जवळच्या शॉटात बदरियाचं तोंड हनुवटीपासून कपाळापर्यंत तेराशे पिक्सेल आहे, म्हणजे यंत्राचा चेहरा अडीचपट ताणावा लागतो. ताणलं की विरळ होणारच. लांबच्या शॉटात तोंड आहे नव्वद पिक्सेलचं, तिथे तोच चेहरा दाबून बसवावा लागतो. दाबला की सगळा बारकावा गोळा होतो आणि चेहरा इतका धारदार दिसतो, की कॅमेऱ्याच्या भिंगाने तेवढ्या लांबून तो कधीच टिपला नसता.

"आणि तिसरी गोष्ट," कोपऱ्यातून तिचा मदतनीस गिर्गिस म्हणाला, "चेहरा धुतलेला आहे." गिर्गिस ख्रिस्ती, त्याचाही उपासकाळ चालू होता, त्यामुळे दूध-मांस नाही आणि इतरांसमोर चहा पिणं बरं दिसत नाही म्हणून चहाही नाही. दोन धर्मांचे उपास एकट्यानेच करत असल्याचा भाव त्याच्या तोंडावर कायम असे.

"धुतलेला म्हणजे?"

"दिव्याच्या उजेडात शूटिंग केलंय ना. कमी उजेडात कॅमेऱ्याच्या चित्रावर बारीक रवा येतो. ग्रेन. भिंतीवर आहे, पडद्यावर आहे, बदरियाबाईंच्या मानेवर आहे. यंत्राने केलेल्या चेहऱ्यावर नाही. रव्याच्या लाडवावर काजू ठेवावा तसा दिसतो."

मुनीर पडद्याजवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ गेला. "मग करा की रवा!"

"करतोय," इनास म्हणाली. "त्यासाठी कान आहे."

हा कानाचा नियम इनासचा स्वतःचा. चेहरा बसवतात तो कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि गालाच्या कडेपर्यंत. कान तसाच राहतो, मूळ माणसाचा, मूळ भिंगाने टिपलेला. दौलत डोक्याला कपाळपट्टीचा रुमाल बांधायची आणि कान उघडे ठेवायची, हे तर देवाने दिलेलं दान. चेहरा किती धूसर करायचा? कानाएवढा. जबड्याची कड कानाच्या कडेइतकीच मऊ हवी. मान झटक्यात वळली की कान जेवढा फरफटतो तेवढाच गालही फरफटायला हवा. आणि हे सगळं झाल्यावर, शेवटी, ग्रेन. आधी ग्रेन टाकून मग धूसर केलं तर ग्रेनही पुसला जातो आणि चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे दिसतात. ग्रेन घ्यायचा त्याच शॉटमधल्या कोऱ्या भिंतीवरून: भिंतीचं मूळ चित्र आणि साफ केलेलं चित्र यांची वजाबाकी केली की उरतो तो ग्रेन. निळ्या रंगात जास्त भरड, हिरव्यात बारीक. सावलीत ठळक, उजेडात दबलेला. आणि प्रत्येक फ्रेमला नवा. एकच ग्रेन चिकटवून ठेवला तर बाई काचेवरच्या धुळीमागून बोलतेय असं वाटतं.

मुनीरने हे सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकून झाल्यावर जे सांगायला तो मुळात आला होता ते सांगितलं.

"गुरुवार, दुपारचे तीन. चॅनेलच्या बाई येणार, अकराच्या अकरा शॉट बघणार. त्यांनी मान हलवली तर ठीक. नाहीतर लेखकाने दुसरा कागद तयार ठेवलाय."

"त्यात काय आहे?"

"टेलिफोन वाजतो. जावई उचलतो. 'दौलत गेली' म्हणतो. रडतो. संपलं."

तीस भागांची मालिका, बहात्तर वर्षांची बाई, बहुधा शेवटचीच भूमिका, आणि तिचा शेवट टेलिफोनवर, तोही जावयाने उचललेल्या. इंशिराहबाईंना हा कागद माहीत नसावा. इनासने विचारलं, "बाईंना सांगितलंत?"

"मी? मला लहान मुलं आहेत," मुनीर म्हणाला आणि निघून गेला.

दोन दिवसांत लांबचे आणि मधले शॉट कानाशी जुळले. यंत्राची चौकट मोठी करून, हजार चोवीसची करून, जवळच्या शॉटांसाठी पुन्हा शिकवणी लावली. आता ताणायचं काम फारसं उरलं नाही. गिर्गिस म्हणाला, सुटलो. इनासही जवळजवळ तेच म्हणणार होती. मग त्यांनी सातवा शॉट लावला.

सातव्या शॉटात दौलत शेवटची सुई ओवते. दिव्याच्या उजेडात तोंडाजवळ सुई धरलेली, चेहरा आणि बोटं एकाच चौकटीत, दोन मिनिटं, मध्ये कट नाही. दोरा दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा जातो. मग ती किल्ली उचलून जावयापुढे धरते. सगळा भाग या दोऱ्यावर टांगलेला होता. बदरियाने तो एका दमात केला होता, आणि तिची बोटं अशी काही थरथरली होती की गिर्गिसने पहिल्यांदा बघितल्यावर चष्मा पुसला आणि चष्म्याला शिव्या दिल्या.

चौकट दुप्पट केली तरी इथे चेहरा उकडलेलाच राहिला. दोरा कोळिष्टकासारखा स्पष्ट, नखाजवळचं कातडं स्पष्ट, कानाच्या पाळीवरची लव स्पष्ट आणि मध्ये दुधावरच्या सायीसारखा चेहरा. इनासने चेहऱ्याची धार वाढवली, तर पापण्यांभोवती पांढरी कडी उमटली. ग्रेन वाढवला, तर अंड्यावर मीठ पडलं, इतकंच.

"सगळं चित्रच मऊ करूया," गिर्गिस म्हणाला. "चेहऱ्याएवढं. बाकीच्या शॉटना थोडंसं केलंच ना."

करून बघितलं. चेहरा जुळला. दोरा दिसेना. बाई हवेत बोटं नाचवत बसली आहे असं दिसू लागलं.

"यंत्राला खाऊ काय घातलाय आपण?" शेवटी इनासने विचारलं.

"या मालिकेचे वीस भाग. बाईंचा सहा तासांचा चेहरा. सगळा उत्तम, सगळा फोकसमध्ये."

"लाव."

त्यांनी बाईंचे जुने शॉट एकापाठोपाठ लावले. इनास चेहऱ्याकडे बघतच नव्हती. पंधरा वर्षं गच्च्या पुसल्यामुळे तिची नजर आपोआप मागे जायची. मागे धूसर झालेले दिवे होते, गोल गोल. एका गोलावर ती थांबली आणि मोठा करत गेली. गोलाच्या आत बारीक जाळी होती. चहाच्या गाळणीसारखी. पुढचा शॉट: दिव्यांत जाळी. त्याच्या पुढचा: जाळी. जावई एकटा असलेला शॉट: दिवे स्वच्छ. बदरियाचा सातवा शॉट: दिवे स्वच्छ, धुतलेल्या पेल्यासारखे.

"भिंगावर काहीतरी आहे," ती म्हणाली. "बाई असल्या की आहे. बाई नसल्या की नाही."

गिर्गिसने कॅमेऱ्याची रोजची नोंदवही उघडली. फिल्टरच्या रकान्यात प्रत्येक दिवशी एकाच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: काही नाही.

ते अक्षर छायाचित्रकार फिक्रीकाकांचं. वय सत्तर, बाईंसोबत बावीस वर्षं, दुसऱ्या कुठल्याही कॅमेरामनसमोर बाई उभ्या राहत नसत. इनास गेली तेव्हा ते दुपारच्या नमाजानंतर मशिदीबाहेरच्या बाकावर चपला शोधत होते.

"काका, भिंगामागे काय लावता?"

"देवाचं नाव."

"त्याला जाळी असते का?"

फिक्रीकाकांनी एक चप्पल घातली. दुसरी घालेपर्यंत त्यांनी बराच विचार केला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "पायमोजा. बायकांचा, रेशमी, काळा. भिंगाच्या मागच्या तोंडावर ताणून बसवायचा. सुरकुती जाते, डोळ्यातला दिवा फुलतो. बाई वीस वर्षांनी लहान होतात. बाईंना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"तुमच्या पोरांना?"

"युनिटला माहीत आहे. पण कुणी बोलत नाही, म्हणजे माहीत नाही."

"आणि बदरियाबाईंचे शॉट घेताना?"

काकांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "पोरी, बावीस वर्षं मी प्रकाश लावताना बदरियाला उभी करतो. तेव्हा मोजा काढलेला असतो. मला सगळं स्वच्छ दिसायला हवं ना. मग बाई येतात, बदरिया बाजूला होते, मी मोजा चढवतो. त्या दिवशी बदरिया उभी राहिली आणि हाताने आपसूक मोजा काढला. मी नाही काढला. हाताने काढला."

"काका, आता मला बाईंचा मोज्याशिवायचा चेहरा लागेल. तेच भिंग, तसाच दिवा. नाहीतर गुरुवारी दौलत टेलिफोनवर मरते."

"मग मरू दे," फिक्रीकाका कळवळून म्हणाले. "बाईंना हे सांगण्यापेक्षा दौलत मेलेली बरी."

पण दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा घेऊन आले. झमालेकमधल्या बाईंच्या घरी ते दारातच थांबले, आत येईनात. आत इंशिराह वगदी उशांना टेकून बसल्या होत्या, ओठांना लाली, हातात कॉफी. शेजारी स्टुलावर बदरिया संत्रं सोलत होती. दोघींच्या तोंडवळ्यात तेवढंच साम्य होतं जेवढं एका आळीतल्या दोन खिडक्यांत असतं, पण बांधा, मानेची ठेवण आणि चालणं असं, की पाठमोऱ्या बघून बाईंचा नवराही फसायचा. निदान त्याने तसं कारण तरी दिलं होतं.

"रोजे तुमचे," बाई कॉफीचा घोट घेत म्हणाल्या, "आजाऱ्याला मुभा आहे. मोडलेल्या हाडाचा काहीतरी फायदा नको? बोल, पोरी."

इनासने बोलायला सुरुवात केली. चौकट, पिक्सेल, कान, ग्रेन. मोज्याजवळ आली की ती पुन्हा कानाकडे वळायची. तिसऱ्यांदा कान आल्यावर बाईंनी कप खाली ठेवला.

"मोज्याबद्दल बोलतेयस का?"

दारात काहीतरी आपटलं. बहुतेक फिक्रीकाकांचं कपाळ असावं.

"मोजे माझेच आहेत," बाई म्हणाल्या. "तलत हरब रस्त्यावर एका आर्मेनियन बाईचं दुकान होतं. ती दुकान बंद करणार म्हटल्यावर मी पेटीभर घेऊन ठेवले. दर मालिकेला एक जोडी बदरिया नेऊन देते. फिक्री! आत ये. तुला काय वाटलं, कुणाचे आहेत?"

फिक्रीकाका आत आले. "मला बदरिया म्हणाली, तिचे जुने आहेत."

"आणि बावीस वर्षं तू माझे जुने मोजे कॅमेऱ्यात घालत होतास?" बदरिया म्हणाली. "लाज नाही वाटली?"

"वाटत होती," फिक्रीकाका म्हणाले. "म्हणून तर कुणाला सांगितलं नाही."

बाई हसल्या, मग हाडामुळे थांबल्या. "आता तुला मी मोज्याशिवाय हवी आहे," त्या इनासला म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट झाला होता. "नाही दिली तर?"

मुनीरने जे सांगायचं टाळलं होतं ते इनासने सांगितलं. टेलिफोन, जावई, रडणं. सांगताना तिला त्या बाईची इतकी दया आली की तिने मुद्दामच ते शासकीय पत्रासारखं सांगितलं.

"टेलिफोनवर," बाई म्हणाल्या. "साठ सालात बुलाकमधल्या शिंपिणीच्या जावयाकडे टेलिफोन कुठून आला? लेखकाला आणा माझ्यासमोर." मग थोड्या वेळाने: "शॉट दाखव. चेहरा लावलेला नको. मूळचा."

इनासने मांडीवरचा संगणक खाटेवर ठेवला. सातवा शॉट. बदरियाचाच चेहरा, दिव्यात, मोज्याशिवाय. सुई वर आली. दोरा चुकला. बदरियाचे ओठ आत ओढले गेले, कपाळावरच्या रेषा एकमेकींजवळ आल्या. दोरा पुन्हा चुकला. मग गेला.

बाईंनी तो तीनदा बघितला. खोलीत संत्र्याचा वास होता. बदरिया सालीचे तुकडे गोळा करत होती, पडद्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

"तू कधी म्हातारी झालीस गं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याबरोबरच," बदरिया म्हणाली. "फक्त मला कुणी थांबवलं नाही."

यावर इंशिराह वगदींनी ओठांची लाली हाताच्या पंजाने पुसून टाकली. इनासला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती दिव्याची उंची मोजू लागली.

"फिक्री, लाव कॅमेरा. आणि हात खिशात ठेव. मोजा चढवलास तर याद राख."

दोन तास काम चाललं. बाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर, खाली. सुई धरल्यासारखे डोळे बारीक केले. ओठ आत ओढले, बदरियाने ओढले होते तसे, आणि ते येईपर्यंत बदरिया समोर बसून त्यांना दाखवत राहिली. "अहो, एवढे नाही. दोरा चुकलाय, जावई नाही चावला." फिक्रीकाकांना वाटत होतं की कॅमेऱ्याची संवेदनशीलता शूटिंगच्या दिवशी होती तेवढीच चढवावी, म्हणजे ग्रेन आपोआप येईल. इनास नको म्हणाली. यंत्राला ग्रेन कळत नाही. ते त्याची सरासरी काढून पुन्हा साय करतं, नाहीतर त्याचे डाग कातड्यावर गोंदून ठेवतं. भरपूर उजेड द्या, चित्र स्वच्छ द्या. ग्रेन मी नंतर भिंतीवरून घेईन.

"दिव्याचा कोन तोच ठेवा, जोर वाढवा," ती म्हणाली, आणि सत्तर वर्षांच्या फिक्रीकाकांनी पंधरा वर्षं डिश पुसणाऱ्या बाईचं मुकाट्याने ऐकलं.

निघताना बाईंनी इनासला जवळ बोलावलं.

"शेवटचा शॉट कुठला आहे?"

"अकरावा. दौलत किल्ली देऊन दाराबाहेर पडते, गल्लीत वळते आणि एकदा मागे बघते. लांबून आहे. तोंड नव्वद पिक्सेल."

"म्हणजे कुणाला फारसं दिसत नाही."

"नाही. फोकसही दारावर आहे."

"मग तिथे माझा चेहरा लावू नकोस," बाई म्हणाल्या. "तीच राहू दे. तीस वर्षं ती माझ्या खुणेवर उभी राहते आणि मी आले की बाजूला होते. एकदा तरी तिला दारातून स्वतःच्या पायांनी जाऊ दे. कुणाला सांगू नकोस. तिलाही."

इनास हो म्हणाली. मुनीर शलबीला विचारायला हवं होतं, हे तिला गाडीत बसल्यावर आठवलं, आणि तिने ते तिथेच विसरून टाकलं.

यंत्राला नवा खाऊ मिळाला. पुढचे दोन दिवस ते शिकत राहिलं आणि साय हळूहळू फाटत गेली. आधी डोळ्यांच्या कोपऱ्यात रेषा आल्या, मग ओठांच्या वर, मग गालावर एक लहानसा तीळ आला जो वीस भागांत एकदाही दिसला नव्हता. इनासने चेहरा बसवला, बदरियाच्या कानाशी लावून बघितला. आता तो कानापेक्षा जरा जास्तच धारदार होता, कारण सुई चेहऱ्याच्या थोडी पुढे होती आणि फोकस बोटांवर. तिने अगदी किंचित मऊ केला. भिंतीवरून ग्रेन घेतला, निळ्यात भरड, सावलीत ठळक, आणि सगळ्यांत शेवटी पसरला. गिर्गिसने चित्राचा उजेड मुद्दाम दुप्पट वाढवून बघितला, मग एकटा निळा रंग लावून बघितला. जोड असेल तर तिथे दिसतो. दिसला नाही.

"बाई म्हाताऱ्या दिसतात," तो म्हणाला.

"बाई म्हाताऱ्या आहेत," इनास म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की तिने रोजा असतानाच चहाचं आधण ठेवलं आणि मग उतरवलं.

गुरुवारी तीन वाजता चॅनेलच्या बाई आल्या. त्यांचं नाव कुणी घेत नसे; त्या आल्या की लोक उभे राहत आणि त्या गेल्या की बसत. मुनीर त्यांच्या मागे, हातात घडी केलेला दुसरा कागद. मागच्या खुर्चीवर बदरिया होती, इंशिराहबाईंच्या वतीने बघायला पाठवलेली. बाईंनीच पाठवलं होतं, आणि का ते फक्त इनासला माहीत होतं.

पहिले सहा शॉट गेले. चौथ्यात चॅनेलच्या बाई म्हणाल्या, "हनुवटी?" आणि इनासने लिहून घेतलं. सातवा सुरू झाला. सुई वर आली. दोरा चुकला. पडद्यावर इंशिराह वगदींचा चेहरा होता, सगळ्या बहात्तर वर्षांसकट, आणि ओठ बदरियासारखे आत ओढलेले. दोरा गेला तेव्हा चॅनेलच्या बाईंनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"हे लोकांना आवडणार नाही," त्या म्हणाल्या. मुनीरने कागदाची घडी उलगडली. "पण ते रडतील," त्या पुढे म्हणाल्या, आणि मुनीरने कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

आठ, नऊ, दहा. दहाव्यात मुनीरला कपाळाच्या रुमालाजवळ काहीतरी हलल्यासारखं वाटलं. नववा तर त्याने पुन्हा लावायला सांगितला. सिगारेट नसली की तो असाच खुसपटं काढायचा.

मग अकरावा. दौलत दाराबाहेर पडली, गल्लीत वळली. दरवाजा स्पष्ट, ती धूसर. चार पावलं गेल्यावर तिने मान वळवून मागे बघितलं आणि निघून गेली.

"थांब!" मुनीर म्हणाला. "पुन्हा लाव. चेहऱ्यावर थांब."

तिने थांबवलं. नव्वद पिक्सेलचा चेहरा, किंचित मऊ, कानाएवढाच. ग्रेन भिंतीवर, ग्रेन रुमालावर, ग्रेन गालावर.

"हे बघा," मुनीर चॅनेलच्या बाईंना म्हणाला, आणि त्याच्या आवाजात रमजान सुरू झाल्यापासून पहिल्यांदा समाधान होतं. "बाकीच्यांत मी शंभर चुका काढीन. पण हा! ना जास्त, ना कमी. साक्षात इंशिराहबाई. इंजिनीअरबाई, हा शॉट कसा केलास? बाकीचे दहाही असेच करायचे होतेस."

"यावर आम्ही फार हात फिरवला नाही," इनास म्हणाली.

"तेच तर! हात फिरवला नाही असं वाटलं पाहिजे." तो मागे वळला. "काय बदरिया? तू तर बाईंना रोज बघतेस. या आमच्या बाई की नाहीत?"

बदरियाने पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, मग उजव्या हाताने हळूच स्वतःचा कान चाचपला, डूल जिथे होता तिथे. डोळे भरून आले होते, पण तीस वर्षं तिने खुणेवर उभं राहून कधी हालचाल केली नव्हती, ती आताही केली नाही.

"बाईच आहेत," ती म्हणाली. "थोड्या थकल्यात."